उंबरठ्यावरचा पेला

पाहुणा दाराशी आला की वहाणा बाहेर उतरवतो, आत येऊन प्रथम घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार करतो, आणि तोवर आतून पाण्याचा पेला येतो. आपण हे तिन्ही उपचार एका दमात सांगतो. परंतु त्यांच्यात एक मूलभूत फरक आहे. पहिल्या दोहोंत पाहुणा यजमानाला मान देतो. तिसऱ्यात तो यजमानाकडून काही घेतो. आपल्या जातिबद्ध समाजात मान देणे सोपे होते, घेणे अवघड. 'खालच्या' मानलेल्या जातीच्या घरचे पाणी 'वरचा' पाहुणा घेत नसे; फार तर कोरडा शिधा घेई. उलट प्रसंगी पाण्याची धार वरून ओंजळीत सोडली जाई.

या घेण्याची किंमत काय होती, हे पंचहौद मिशनच्या चहा-ग्रामण्यातून दिसते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला. काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. मिशनच्या आवारात जाणे, मिशनऱ्यांशी बोलणे हा दोष ठरला नाही. वाद पेटला तो पेल्यावरून. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाविषयी लिहिले आहे.

या घटनेच्या शेजारी कोल्हापूरची एक घटना ठेवून पाहावी. गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या नोकराला सवर्णांच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले. परंतु दुकान उघडले तरी गिऱ्हाईक कुठून येणार? तेव्हा महाराज स्वतः भर रस्त्यात गाडी थांबवून त्याच्या हातचा चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावू लागले. पैसे देऊन त्यांनी गंगारामला आधार दिला होता. त्याच्याकडून पेला घेऊन यजमानपणा दिला.

दोन्ही पेल्यांत चहाच होता. पुण्यात तो विद्वानांनी अर्धवट धरला, नंतर त्याचा खुलासा करत राहावे लागले. कोल्हापुरात तो उघड्यावर, लोकांनी पाहावा म्हणूनच घेतला गेला. हा फरक केवळ धैर्याचा नव्हे, स्थानाचाही आहे: छत्रपतीला बहिष्काराचे भय तितके नव्हते, पुण्याच्या गृहस्थाला मुलीच्या लग्नाची नि घरातल्या श्राद्धाची चिंता होती.

आजही परक्या घरी "पाणी नको, आताच प्यालो" असे सहज म्हटले जाते. बहुधा ते खरेच असते. पण ज्या घराने हे वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकले, तिथे रिकामा होऊन परतलेला पेला अजूनही लक्षात राहतो.