सोनं निघण्याआधी

जुलै 1991मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोनं परदेशी पाठवलं आणि ते तारण ठेवून 40 कोटी डॉलरच्या आसपास कर्ज उचललं. त्याआधी मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत 20 टन जप्तीचं सोनं परत विकत घेण्याच्या बोलीवर विकलं गेलं होतं. घरातलं सोनं सावकाराकडे जाणं म्हणजे काय, हे बायकांना समजावून सांगावं लागत नाही. म्हणून आपल्या बोलण्यात त्या वर्षाचं सोनंच तेवढं राहिलं. मला मात्र त्याआधीच्या दोन-तीन वर्षांबद्दल जास्त कुतूहल वाटतं. सोनं काही एका रात्रीत निघत नाही. त्याआधी वह्या बोलायला लागलेल्या असतात.

पहिली वही चालू खात्याची. देशाने बाहेर विकलेला माल आणि परदेशातल्या आपल्या माणसांनी घरी धाडलेले पैसे एका बाजूला, बाहेरून घेतलेला माल आणि कर्जावरचं व्याज दुसऱ्या बाजूला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ही तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या वर गेली आणि 1990-91मध्ये तीन टक्क्यांच्या थोडी पुढे. ऑगस्ट 1990मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेल महागलं आणि आखातातून घरी येणारे पैसेही आटले. लोक सगळा दोष त्या युद्धाला देतात. पण तूट आधीपासूनच रुंदावत होती, युद्धाने फक्त धक्का दिला. आणि नुसती तूट वाईट असंही नाही. नव्या दुकानासाठी काढलेलं लांब मुदतीचं कर्ज पेढी पेलते. प्रश्न असतो तो तूट कोणत्या पैशाने भरली, हा.

इथे दुसरी वही उघडते. आपल्या व्यापारी घरांत हुंडीचे दोन प्रकार जुन्या माणसांना पाठ असत. मुदती हुंडीला दिवस ठरलेला असतो. दर्शनी हुंडी दारात आली की पैसे मोजायचे. भारताने तूट भरायला त्या वर्षांत जो पैसा घेतला, त्यातला बराचसा दर्शनी हुंडीच्या जातीचा होता. परदेशी बँकांची वर्षाच्या आतली कर्जं होती, ती मुदत संपली की पुन्हा नव्याने मिळतील या भरवशावर चालत. अनिवासी भारतीयांच्या ठेवी होत्या, त्या जास्त व्याजासाठी आलेल्या आणि भीती वाटताच परत जाणाऱ्या. पतमापन संस्थांनी भारताची पत खाली आणली, तेव्हा बँकांनी नवी कर्जं देणं थांबवलं. एप्रिल ते जून 1991 या तीन महिन्यांत अनिवासी ठेवींतून 95 कोटी डॉलरच्या आसपास रक्कम निघून गेली.

तिसरी वही गंगाजळीची, आणि ती नीट वाचावी लागते. मार्च 1991अखेर सोनं धरून गंगाजळी 580 कोटी डॉलर दिसते. पण त्यातलं निम्म्याहून जास्त सोनंच होतं. शिवाय ऑक्टोबर 1990मध्ये त्याची जुनी कागदी किंमत बदलून बाजारभावाजवळ आणली होती. म्हणजे तिजोरीत एक तोळाही न वाढता आकडा फुगला. तेलाचं बिल भागवायला लागणारं रोख परकी चलन जानेवारी 1991च्या मध्यावर 100 कोटी डॉलरच्याही खाली गेलं होतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाने थोडा श्वास मिळाला, तरी जूनपर्यंत जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतंच चलन उरलं. साधारण तीन महिन्यांची आयात भागावी, असा जुना आडाखा आहे.

या वह्या वेगवेगळ्या वाचल्या तर प्रत्येकीत काहीतरी दिलासा सापडतो. दुसरी आणि तिसरी शेजारी ठेवल्या की खरी गोष्ट कळते. मार्च 1991मध्ये गंगाजळीच्या दर 100 डॉलरमागे वर्षाच्या आत फेडायचं कर्ज 146 डॉलर होतं, तेही गंगाजळीत सोनं धरून. सगळे धनको एकदम दारात आले असते, तर तिजोरी रिकामी करूनही भागलं नसतं. धनकोंना हा हिशेब आपल्याआधी कळतो, आणि कळला की ते खरंच एकदम येतात.

रुपयाचा भाव मात्र शेवटपर्यंत हे सांगत नव्हता, कारण तो बाजार नव्हे तर रिझर्व्ह बँक ठरवत होती. 1 आणि 3 जुलैला तो दोन टप्प्यांत खाली आणला. डॉलर 21 रुपयांवरून जवळजवळ 26 रुपयांवर गेला. ज्यांनी चलन पडतंय का एवढंच पाहिलं, त्यांना जुलैमध्ये बातमी कळली. वह्यांत ती किमान वर्षभर आधी लिहिलेली होती.