३० जणांचे बोलणे, ३२ कप्पे: पीसीएम फ्रेमची रचना

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये 'टू एमबी' किंवा ई-वन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका लाइनवरून एकाच वेळी ३० जणांची संभाषणे जातात. मात्र तिच्या प्रत्येक फ्रेममध्ये कप्पे, म्हणजे टाइम स्लॉट, ३२ असतात. मग उरलेले दोन कशासाठी?

प्रत्येकाच्या आवाजाचा सेकंदाला ८००० वेळा नमुना घेतला जातो आणि तो ८ बिटमध्ये लिहिला जातो. दोन नमुन्यांमध्ये १२५ मायक्रोसेकंदांचे अंतर असते. तेवढ्या वेळात ३२ स्लॉटची एक फ्रेम, म्हणजे २५६ बिट, पाठवली जाते. यातूनच २०४८ किलोबिट प्रति सेकंद हा वेग येतो.

स्लॉटची मोजणी शून्यापासून होते. शून्य क्रमांकाच्या स्लॉटमध्ये एकाआड एक फ्रेमला ००११०११ ही ठरलेली खूण असते. फ्रेम कुठे सुरू होते, हे पलीकडच्या यंत्राला तिच्यावरून कळते. ही खूण लागोपाठ तीनदा चुकली की यंत्र फ्रेम हरवली असे मानते आणि समोरच्या टोकाला अलार्म पाठवते. तिसांचीही संभाषणे तुटतात.

खरी गंमत आहे ती १६ व्या स्लॉटमध्ये. फोन उचलला, ठेवला, नंबर फिरवला, ही माहिती म्हणजे सिग्नलिंग. जुन्या डायलचे ठोके सेकंदाला साधारण दहाच पडत. त्यांच्यावर ८००० वेळा नजर ठेवायची गरजच नाही. म्हणून हा एकच स्लॉट तिसांनी वाटून घेतला. १६ फ्रेमची मिळून एक मल्टिफ्रेम होते. त्यातल्या शून्याव्या फ्रेमचा १६ वा स्लॉट मल्टिफ्रेमची सुरुवात दाखवतो. पुढच्या १५ फ्रेममध्ये प्रत्येकी दोन चॅनेलचे चार-चार बिट बसतात: पहिल्या फ्रेममध्ये चॅनेल १ आणि १६, दुसऱ्यात २ आणि १७, अशी जोडी पुढे चालते. प्रत्येक चॅनेलची पाळी दर २ मिलिसेकंदांनी येते.

आता २० वा चॅनेल शोधू. १६ वा स्लॉट सिग्नलिंगने अडवल्यामुळे पुढचे चॅनेल एकेक घर सरकतात, म्हणून त्याचा आवाज २१ व्या स्लॉटमध्ये असतो. त्याचे सिग्नलिंग मात्र पाचव्या फ्रेमच्या १६ व्या स्लॉटमधल्या शेवटच्या चार बिटमध्ये सापडते, पहिले चार ५ व्या चॅनेलचे. तपासणी करताना चॅनेल आणि स्लॉट यांचे आकडे एकच समजले, की नेमकी शेजारची लाइन हाती येते.

यात एक बारीक अट आहे. मल्टिफ्रेमची खूण ०००० अशी असते. म्हणून १ ते १५ या चॅनेलना सिग्नलिंगसाठी ०००० वापरता येत नाही. नाहीतर यंत्र त्यालाच सुरुवात समजेल. तसे झाले तर फ्रेम शाबूत असते, आवाज आपापल्या स्लॉटमध्ये नीट असतो, पण फोन कोणी उचलला आणि कोणी ठेवला याचा मेळ बसत नाही.

कार्यालयांतल्या पीआरआय लाइनमध्ये ही वाटणी नसते. तिथे १६ वा स्लॉट सलग संदेशांसाठी असतो आणि कोणता संदेश कोणत्या चॅनेलचा, हे त्या संदेशातच लिहिलेले असते.