खडबडीत उतरणीवरील ठोकळ्याचा समतोल

खडबडीत उतरणीवर ठेवलेला ठोकळा न घसरता स्थिर राहण्यासाठी उतरणीचा कोन आणि घर्षण यांच्यात जी अट पुरी व्हावी लागते, ती घर्षणविषयक असमता होय. उतरणीने क्षितिजसमांतर पातळीशी केलेला कोन α आणि दोन पृष्ठभागांमधील स्थितिक घर्षण गुणांक μ असल्यास ही अट tan α ≤ μ अशी मांडतात. tan α म्हणजे उतरणीची उंची भागिले तिचा पाया. मांडणी एवढी लहान असली, तरी ती पक्की होण्यास सतराव्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ शंभर वर्षे लागली.

ठोकळ्याचे वजन W उभे खाली कार्य करते. त्याचे दोन घटक पडतात : उतरणीला लंब असलेला W cos α आणि उतरणीच्या दिशेने खाली ओढणारा W sin α. पहिला घटक ठोकळ्याला उतरणीवर दाबून धरतो व दुसरा त्याला घसरविण्याचा प्रयत्न करतो. घर्षण या दुसऱ्या घटकाला विरोध करते, परंतु या विरोधाला मर्यादा आहे. ती μ गुणिले लंब दाब एवढी असते. म्हणून ठोकळा स्थिर राहण्यासाठी W sin α ≤ μ W cos α असावे लागते. दोन्ही बाजूंना W येत असल्याने ते निघून जाते. हलका ठोकळा आणि जड ठोकळा यांचे पृष्ठभाग सारखेच असतील, तर दोन्ही एकाच कोनाला घसरू लागतात.

येथे समतेचे नव्हे, तर असमतेचे चिन्ह आहे, आणि विषयाचे मर्म त्यातच आहे. घर्षण नेहमी μ गुणिले लंब दाब एवढे असते, ही समजूत विद्यार्थ्यांत फार आढळते व ती चुकीची आहे. μ = ०·४० असलेल्या फळीवर १५° उतार असेल, तर ठोकळ्याला खाली ओढणारे बल वजनाच्या सुमारे ०·२६ पट असते, तर घर्षणाची कमाल मर्यादा ०·३९ पट असते. प्रत्यक्षात घर्षण ०·२६ पटच असते. ते त्याहून अधिक असते, तर ठोकळा आपोआप उतरण चढू लागला असता. घर्षण गरजेपुरते वाढते आणि मर्यादा गाठल्यावर थांबते.

घर्षणरहित उतरणीचा नियम बराच आधी ज्ञात झाला होता. सायमन स्टीव्हिन (१५४८–१६२०) यांनी १५८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गोळ्यांच्या माळेचा दाखला देऊन तो सिद्ध केला. घर्षणाच्या बाजूने लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस सपाट व उतरत्या पृष्ठभागांवर ठोकळे ओढून प्रयोग केले होते. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते आणि स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, हे त्यांच्या टिपणवह्यांत नमूद आहे. तथापि या वह्या त्या काळी छापल्या न गेल्याने पुढील संशोधकांना त्यांचा उपयोग झाला नाही.

हेच नियम गीयोम आमाँताँ (१६६३–१७०५) यांनी १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे पुन्हा मांडले. घर्षण हे दाबाच्या सुमारे एक तृतीयांश असते आणि घासणाऱ्या पृष्ठभागाच्या विस्ताराशी त्याचा संबंध नसतो, असे त्यांचे म्हणणे होते. यांतील दुसरे विधान अकादमीच्या सदस्यांना सहज पटले नाही व ते पडताळून पाहावे लागले. एक तृतीयांश हा आकडा मात्र सर्व पदार्थांना लागू असल्याप्रमाणे पुढे कित्येक दशके वापरला गेला. आंत्वान पारां (१६६६–१७१६) यांनी १७०४ मध्ये या प्रश्नाला भूमितीचे रूप दिले. घर्षणबल स्वतंत्रपणे मोजण्याऐवजी ठोकळा ज्या कोनापर्यंत स्थिर राहतो, तो कोनच घर्षणाचे माप मानावा, ही कल्पना त्यांची. आज याला घर्षण कोन (φ) म्हणतात व tan φ = μ असते. मग अट आणखी सोपी होते : α हा φ पेक्षा मोठा नसावा.

लेनर्ड ऑयलर (१७०७–८३) यांचे १७५० मध्ये बर्लिन अकादमीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झालेले दोन निबंध या इतिहासातील सर्वांत मनोज्ञ भाग आहेत. त्यांनी पृष्ठभागावर करवतीसारखे सूक्ष्म दाते कल्पिले. ठोकळा सरकवायचा म्हणजे त्याला या दात्यांचा चढ चढवायचा, आणि म्हणून μ हा दात्याच्या उताराचा tan होतो. संपूर्ण पृष्ठभाग हळूहळू कलता केला, तर दात्याची अडविणारी बाजू सपाट होत जाते. कल दात्याच्या उताराएवढा झाला की, ती बाजू क्षितिजसमांतर होते आणि ठोकळ्याला अडविण्यासारखे काही उरत नाही.

यापेक्षा महत्त्वाचे असे त्यांचे दुसरे निरीक्षण आहे. घर्षण स्थिर अवस्थेत व गतीत सारखेच असेल, तर मर्यादेच्या कोनाहून किंचित अधिक कलत्या उतरणीवर ठोकळा अतिशय मंदपणे सरकावयास हवा, कारण ओढणारे बल आणि घर्षण यांत नाममात्र फरक राहतो. अनुभव याउलट आहे. ठोकळा एकदा सुटला की, वेगाने खाली येतो. यावरून गतीतील घर्षण स्थितिक घर्षणाहून लक्षणीय कमी असले पाहिजे, असे ऑयलर यांनी अनुमान काढले आणि घसरण्यास लागणाऱ्या वेळेवरून ते मोजण्याचा मार्गही दाखविला.

हा मार्ग कोणत्याही साध्या फळीवर अनुसरता येतो. समजा, फळीचा पाया १०० सेंमी. असून तिचे टोक ४० सेंमी. उचलले असता ठोकळा सुटतो. म्हणजे स्थितिक μ = ०·४० आणि φ सुमारे २१·८°. फळी त्याच कोनात ठेवून ठोकळ्याने १ मी. अंतर १·२ सेकंदांत तोडले, असे धरू. स्थिरावस्थेतून निघालेल्या वस्तूचा प्रवेग २ × अंतर ÷ वेळेचा वर्ग एवढा, म्हणजे येथे सुमारे १·३९ मी./से.२ येतो. त्याला g cos α ने, म्हणजे ९·११ ने, भागल्यास ०·१५ मिळतात. ते tan α मधून, म्हणजे ०·४० मधून, वजा केल्यास गतिक घर्षण गुणांक ०·२५ येतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, २१·८° कोनाला सुटलेला ठोकळा थांबवायचा असेल, तर फळी १४° पेक्षाही खाली आणावी लागेल. न घसरण्याची अट आणि घसरू लागल्यावर थांबण्याची अट या दोन वेगळ्या अटी आहेत.

शार्ल ऑग्यूस्तीन द कुलंब (१७३६–१८०६) हे लष्करी अभियंता होते. मार्तिनीक बेटावरील किल्ल्याच्या बांधकामावर त्यांनी कित्येक वर्षे काम केले होते व मातीला आधार देणाऱ्या भिंतींचा प्रश्न त्यांच्या प्रत्यक्ष अनुभवातला होता. १७७३ मध्ये अकादमीस सादर केलेल्या आणि १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी भिंतीमागील मातीची पाचर ही उतरणीवरील ठोकळ्याप्रमाणेच मानली. अशा ठोकळ्याला आडव्या बलाने धरून ठेवायचे असेल, तर ते बल एका ठराविक मूल्याचे असण्याची गरज नाही. ते W tan (α − φ) आणि W tan (α + φ) यांच्यामध्ये कोठेही चालते. ३०° उतरणीवर १०० न्यूटन वजनाचा वरीलच ठोकळा घेतल्यास ही श्रेणी सुमारे १४ न्यूटनपासून १२७ न्यूटनपर्यंत पसरते. १४ पेक्षा कमी बल लावल्यास तो खाली घसरेल व १२७ पेक्षा अधिक लावल्यास वर सरकेल. α हा φ पेक्षा कमी असेल, तर खालची मर्यादा ऋण येते, म्हणजे आधाराची गरजच राहत नाही. मूळ अट अशा रीतीने या व्यापक नियमातूनच निघते.

याच निबंधात कुलंब यांनी घर्षणाबरोबर आसंजनही विचारात घेतले. पृष्ठभाग एकमेकांना चिकटत असतील, तर दर एकक क्षेत्रामागे c एवढा विरोध अधिक मिळतो आणि अट W sin α ≤ cA + μ W cos α अशी होते (A म्हणजे स्पर्शक्षेत्र). आता वजन निघून जात नाही. एकाच कलत्या थरावर पातळ शिळा टिकून राहते, पण तेवढ्याच तळाची जाड शिळा घसरते. मातीच्या कड्यात लहान उभी कड टिकते आणि उंच कड ढासळते, त्याचेही कारण हेच आहे. नुकत्या उकरलेल्या कोरड्या वाळूत c जवळजवळ शून्य असतो, म्हणून तिचा ढीग लहान असो वा मोठा, त्याचा उतार तोच राहतो.

पुढे रोशफोर येथील गोदीत त्यांनी मोठ्या भारांवर प्रयोग केले. त्यांवरील निबंधास १७८१ मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळाले. जहाज पाण्यात सोडण्याच्या उतरणीचा विचार येथे सहज येतो, कारण जहाज तीवर काही काळ उभे असते. कुलंब यांना असे आढळले की, मर्यादी घर्षण हे स्पर्श किती वेळ टिकला यावरही अवलंबून असते. चरबी लावलेल्या ओकच्या फळ्या सोळा तास एकमेकींवर राहिल्या असता त्यांना हलविण्यास लागणारे बल लगेच हलविताना लागणाऱ्या बलाच्या सुमारे तिप्पट झाले. म्हणजे चाचणीत सहज घसरणारा ठोकळा दुसऱ्या दिवशी त्याच उतरणीवर अडून बसू शकतो. μ हा पदार्थाचा निश्चित स्थिरांक नसून पृष्ठभागाची स्थिती, वंगण आणि विश्रांतीचा काळ यांसह सांगावयाचा आकडा आहे.

ऑयलर यांची दात्यांची कल्पना पुढे टिकली नाही. दात्यावर चढताना खर्च झालेले कार्य उतरताना परत मिळावयास हवे, मग घर्षणात ऊर्जा कायमची कशी खर्च होते, हा आक्षेप जॉन लेस्ली यांनी १८०४ मध्ये घेतला. विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रँक बोडन व डेव्हिड टेबर यांनी असे दाखविले की, पृष्ठभाग फक्त काही उंचवट्यांवरच एकमेकांना खरोखर स्पर्श करतात व हे वास्तव स्पर्शक्षेत्र भाराच्या प्रमाणात वाढते. आमाँताँ यांचे दोन्ही नियम यातून एकाच वेळी स्पष्ट होतात. असमता मात्र तीच राहिली.

ती वापरताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे ठोकळा घसरण्याआधी उलटणार तर नाही. उताराच्या दिशेने तळाची रुंदी b व उंची h असलेला एकजिनसी ठोकळा tan α हा b/h पेक्षा मोठा होताच उलटतो. μ = ०·४० असताना ३० सेंमी. रुंद व १ मी. उंच खांब १६·७° ला कोलमडतो, म्हणजे घसरण्याचा कोन येण्याच्या बराच आधी. दुसरी गोष्ट पाण्याची. तळाखालील फटीत दाबाखाली पाणी असेल, तर ते ठोकळ्याला U एवढ्या बलाने वर उचलते आणि लंब दाब W cos α − U एवढाच उरतो. ओढणारे बल मात्र तेवढेच राहते. १५° उतारावरील वरील ठोकळ्याच्या बाबतीत U हा लंब दाबाच्या एक तृतीयांश झाला की, घर्षणाची मर्यादा ०·३९ पटीवरून ०·२६ पटीवर येते. ही मर्यादा आणि ओढणारे बल यांत मग काहीच अंतर राहत नाही. खडक, त्याचा उतार आणि त्याचा घर्षण गुणांक यांत कोणताही बदल न होता तो पावसाळ्यात घसरतो, तो या कारणाने.