पात्राच्या मुखातील एक ओळ आणि तिच्या मूळ पदाचा शोध : 'संत तुकाराम' चित्रपट व वर्धा परिसरातील काही संदर्भ

प्रस्तावना

मराठी कादंबरीतील पात्रे बोलता बोलता एखादी अभंगाची, ओवीची किंवा पदाची ओळ उच्चारतात आणि पुढे निघून जातात. लेखक तळटीप देत नाही, कारण पात्राला तळटीप ठाऊक नसते. चित्रपटाच्या संवादात तर ही ओळ अर्ध्यावर तुटलेली, कधी नुसतीच गुणगुणलेली असते. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ती ओळ कोणाची, कोणत्या पदातील आणि पात्राच्या काळात ती उपलब्ध होती काय, हे ठरवावेच लागते. या ओळीवरून पात्राची परंपरा, त्याचा पंथ, त्याचे शिक्षण आणि कथानकाचा काळ यांविषयी अनुमाने काढली जातात. ओळच चुकीच्या कवीच्या नावावर गेली, तर पुढची सगळी अनुमाने कोसळतात. प्रस्तुत लेखात या शोधाची पद्धती एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे तपासली असून त्यानंतर वर्धा जिल्ह्याशी निगडित अशा दोन संदर्भांचा विचार केला आहे.

'संत तुकाराम' चित्रपटातील बीजरूपकाचे पद

प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' हा चित्रपट १९३६ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शन विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांचे, कथा-संवाद शिवराम वाशीकर यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे आणि तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांची होती. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. चित्रपटातील तुकारामांच्या मुखी गाथेतील अभंग आहेत. त्यांच्याच जोडीला एका बीजातून अंकुर, अंकुरातून वृक्ष आणि वृक्षातून कोट्यवधी फुले-फळे कशी जन्मतात, या रूपकावर रचलेले एक पद आहे. ते महाराष्ट्रात इतके रुजले की ते तुकोबांचेच आहे, असे अनेक जाणकारांनीही गृहीत धरले. वस्तुतः ते चित्रपटाचे गीतकार शांताराम आठवले यांचे आहे.

समजा, एखाद्या कादंबरीतील वारकरी आजोबा नातवाला या पदाची पहिली ओळ ऐकवतात आणि 'तुकोबांनी म्हटलेच आहे' असे म्हणतात. अभ्यासकाने काय करावे? पहिली पायरी अर्थातच गाथेची. परंतु 'गाथा' हे एकच पुस्तक नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे लागते. विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेल्या, १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत निघालेल्या इंदुप्रकाश प्रतीत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. महाराष्ट्रात सर्वाधिक वापरली जाणारी शासकीय प्रत याच परंपरेतील आहे. उलट तुकाराम तात्या पडवळ यांच्या प्रतीत आठ हजारांहून अधिक अभंग समाविष्ट झाले आहेत. म्हणून एका प्रतीत ओळ न सापडणे म्हणजे ती तुकारामांची नव्हे, असा निर्वाळा देता येत नाही. मोठ्या प्रतीतही ती नसेल, तरच संशय बळकट होतो. त्याचप्रमाणे मोठ्या प्रतीत ती आढळली म्हणून तुकारामांचे कर्तृत्व सिद्ध होत नाही. तेथे प्रश्न पाठपरंपरेचा होतो आणि ओळ सापडल्याचा आनंद थोडा आवरावा लागतो.

गाथेच्या शेवटी असलेली अकारविल्हे अनुक्रमणिका ही नेहमीची वाट आहे. पण तीच अनेकांना फसवते. ही सूची अभंगाच्या पहिल्या चरणाची असते. पात्रे मात्र पहिला चरण क्वचितच म्हणतात. कीर्तनात व भजनात लोकांच्या कानी वारंवार पडते ते ध्रुपद. आणि छापील गाथेत 'ध्रु.' ही खूण बहुधा दुसऱ्या कडव्यावर असते. दुसरी लोकप्रिय जागा शेवटच्या कडव्याची, कारण तेथे कवीची नाममुद्रा व सुभाषितासारखा निष्कर्ष येतो. ध्रुपद किंवा शेवट हाती असताना पहिल्या चरणांच्या सूचीत शोध घेणे व्यर्थ ठरते. अशा वेळी ओळीतील सर्वांत अपरिचित शब्द निवडून संगणकीय प्रतीत तेवढाच शोधावा. पूर्ण ओळ टंकित केली, तर एका अनुस्वाराच्या फरकानेही ती हाती लागत नाही.

अनुस्वाराचा हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली स्वीकारले गेले आणि व्युत्पत्तीने येणारे अनुच्चारित अनुस्वार गळाले. जुन्या गाथेत 'कांहीं', 'नांव', 'जें' असे छापलेले असते. नव्या कादंबरीत 'काही', 'नाव', 'जे' असते. जुन्या सूचीत अनुस्वारयुक्त अक्षराचा क्रम वेगळा लागत असल्याने 'नाव' ज्या ठिकाणी अपेक्षावे, तेथे 'नांव' सापडत नाही. 'क्ष' व 'ज्ञ' यांची जागाही सर्व सूचींत सारखी नसते. काही ठिकाणी ती अक्षरे शेवटी, तर काही ठिकाणी 'क' आणि 'ज' यांच्या पोटात येतात.

आता बीजरूपकाच्या पदाकडे वळू. सूची व संगणकीय शोध दोन्ही निष्फळ ठरल्यावर अंतर्गत पुरावा तपासावा लागतो आणि येथे तो पुरेसा बोलका आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार खंड असतात. पहिल्या तीन खंडांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात व दुसऱ्या-तिसऱ्या खंडांचे यमक जुळते. लहान अभंगात साधारणतः आठ-आठ अक्षरांचे दोन खंड येतात. गाथेत अक्षरसंख्या थोडी मागेपुढे होते, हे मान्य केले तरी मूळ साचा हरवत नाही. प्रस्तुत पदाच्या आरंभीच्या तीन खंडांची अक्षरे मोजली असता ती अनुक्रमे ७, ६ व ५ अशी भरतात. त्यापुढील तीन खंडांची ६, ६ व ९. हा अभंगाचा छंद नव्हे, चालीवर बेतलेल्या गीताचा आहे. दुसरे असे की पदाच्या शेवटी 'तुका' ही मुद्रा नाही. मुद्रेचा अभाव एकट्याने निर्णायक ठरत नाही. कारण उद्धृत ओळीत मुद्रा नसणे स्वाभाविकच आहे. परंतु संपूर्ण पद हाती असता त्यात मुद्रा नसणे आणि छंदही न जुळणे, हे दोन्ही एकत्र आले की शोधाची दिशा गाथेकडून चित्रपटाच्या गीतपुस्तिकेकडे व ध्वनिमुद्रिकेकडे वळली पाहिजे.

येथून एक उपयुक्त कालसीमा मिळते. कादंबरीचे कथानक १९३६ पूर्वीचे असेल आणि पात्र ही ओळ म्हणत असेल, तर तो लेखकाचा कालविपर्यास आहे. कथानक १९३६ नंतरचे असेल, तर आजोबांचा समज चूक असला तरी पात्रचित्रण मात्र खरे आहे. त्या पिढीतील असंख्य माणसांचा समज तोच होता. संपादकाने टीपेत कर्ता आठवले असे नोंदवावे, पण पात्राचे वाक्य दुरुस्त करू नये. जाता जाता हेही नमूद करावेसे वाटते की याच चित्रपटातील सालोमालो हे पात्र तुकारामांची रचना स्वतःची म्हणून मिरवते. एकाचे काव्य दुसऱ्याच्या नावावर जाण्याची कथा सांगणाऱ्या चित्रपटाच्याच बाबतीत प्रेक्षकांनी गीतकाराचे काव्य संताच्या नावावर करावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

वैदर्भीय पात्र आणि 'तुकड्या' ही मुद्रा

विदर्भातील कथानकात या शोधाला आणखी एक वळण मिळते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांची मुद्रा 'तुकड्या' अशी आहे. १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्राम येथे (त्या वेळचे शेगाव) काही काळ राहिले होते. वर्धा-अमरावती पट्ट्यातील भजनी मंडळांत त्यांची भजने आजही गायिली जातात. पात्राने अर्धवट आठवणीने मुद्रा आखडून म्हटली, किंवा लेखकाने ऐकीव ओळ लिहिताना ती 'तुका' अशी केली, तर सतराव्या शतकातील कवी आणि विसाव्या शतकातील कवी यांची सरमिसळ होते. गाथेतच 'तुकयाबंधु' ही तुकारामांचे बंधू कान्होबा यांची मुद्रा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे मुद्रेचे पहिले दोन वर्ण पुरेसे नाहीत, हे स्पष्ट होते. अशा ओळीत ग्रामसफाई, श्रमदान, राष्ट्र यांसारखे शब्द किंवा हिंदी वळण दिसले, तर प्रथम तुकडोजींची भजने व 'ग्रामगीता' पाहणे इष्ट.

वऱ्हाडी उच्चाराची अडचण याहून वेगळी आहे. बोलीत 'ळ' चा 'य' आणि 'ण' चा 'न' होतो. 'डोळा' चा 'डोया', 'पाणी' चे 'पानी'. बोलीशी प्रामाणिक असलेला कादंबरीकार उद्धृत ओळही पात्राच्या उच्चारातच लिहितो. तेव्हा ओळ शोधण्यापूर्वी तिचे प्रमाण रूप मांडून पाहावे लागते. हे उलट रूपांतर सावधपणे करावे. प्रत्येक 'य' मुळात 'ळ' नसतो आणि लोकगीताच्या ओळीला प्रमाण रूप मुळातच नसण्याची शक्यता असते.

गीताई : कालनिर्णयाचे साधन

वर्धा परिसराचा दुसरा संदर्भ 'गीताई'चा. विनोबा भावे यांनी हा समश्लोकी अनुवाद ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात वर्धा येथे लिहिला आणि १९३२ साली तो प्रसिद्ध झाला. एखाद्या कादंबरीतील आई मराठीतून गीतेचा अर्धा श्लोक म्हणते, तेव्हा तो आपसूक 'गीताई'चा मानण्याची सवय आपल्याकडे आहे. मात्र विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांची कथा येथे मार्गदर्शक ठरावी. त्यांना संस्कृत गीता समजेना, म्हणून विनोबांनी वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही कठीण वाटल्याने 'तूच का लिहीत नाहीस' असे त्यांनी मुलाला सुचविले. रुक्मिणीबाईंचे निधन १९१८ साली झाले. 'गीताई' त्यांच्या वाचनात येणे शक्यच नव्हते. तात्पर्य, १९३२ पूर्वीच्या कथानकातील आईच्या तोंडची मराठी गीता वामनपंडितांची किंवा अन्य कोणाची असली पाहिजे. ती 'गीताई'शी अक्षरशः जुळली, तर लेखकाने स्वतःच्या बालपणाचे पाठांतर पात्राला दिले, असे समजावे.

'गीताई'च्या बाबतीत अभ्यासकाचे काम पुष्कळ सोपे होते. अठरा अध्याय, सातशे श्लोक आणि मूळ गीतेशी श्लोकवार संगती असल्यामुळे ओळीचा अर्थ नीट कळला की संस्कृत गीतेच्या कोणत्याही पदसूचीवरून स्थळ निश्चित करता येते. शिवाय विनोबा व शिवाजी भावे यांचा 'गीताई-शब्दार्थ-कोश' उपलब्ध आहे. त्यामुळे मधलाच एखादा शब्द हाती असला तरी श्लोकापर्यंत पोहोचता येते. वर्ध्याच्या गोपुरीतील गीताई मंदिरात तर सर्व अध्याय शिलांवर कोरलेले असून पाठ उभ्या उभ्या पडताळून पाहता येतो. गाथेला असे स्थैर्य नाही. तेथे एकाच अभंगाचा क्रमांक प्रतीगणिक बदलतो. म्हणून टीप लिहिताना नुसता अभंग-क्रमांक देऊन भागत नाही. कोणती प्रत, कोणत्या वर्षाची आवृत्ती आणि उद्धृत ओळ पहिल्या चरणातील की ध्रुपदातील, एवढे तरी नोंदवणे आवश्यक ठरते.