थ्रीडी चित्रातला आयलंड ओटा: सलग कड प्रत्यक्षात येते का?

नव्या फ्लॅटचं थ्रीडी चित्र हातात आलं की खुल्या स्वयंपाकघरातला आयलंड ओटा आधी डोळ्यात भरतो. मधोमध सुटा ओटा, वर लोंबते तीन दिवे, एका बाजूला उंच स्टुलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडाची एकच सलग कड. कॉम्प्युटरवर कितीही लांब दगड ओढता येतो, लादी मात्र ठरावीक मापाचीच मिळते.

समजा, चित्रातला ओटा ११ फूट लांब आणि ३ फूट रुंद आहे. क्वार्ट्झची मोठी लादी साधारण साडेदहा फुटांची असते, म्हणजे इथे सांधा येणारच. तोच ओटा १० फुटांचा केला तर वरचा दगड एका तुकड्यात निघतो.

कडेचंही तसंच. चित्रात ती दीड-दोन इंच जाड दिसते, पण लादी बहुधा १८ ते २० मिलिमीटरचीच असते. जाडी दाखवायला खालून पट्टी चिकटवतात किंवा दोन्ही तुकडे ४५ अंशांत कापून कोपऱ्यावर जोडतात. पट्टी त्याच लादीतली नसेल तर रंग आणि रेघा जुळत नाहीत. ४५ अंशांच्या जोडाची धार किंचित मारून घ्यावी, नाहीतर भांडं आपटल्यावर टवका उडतो. काम ताब्यात घेताना बाजूने टॉर्च मारून कडेवर नख फिरवावं. नख अडलं तर घासकाम कच्चं आहे.

स्टुलावर बसणाऱ्याच्या गुडघ्यांसाठी दगड कपाटापुढे सुमारे १२ इंच हवा. म्हणजे ३६ इंचांच्या रुंदीत खालचं कपाट २४ इंचांचं राहतं. एवढा बाहेर आलेला पातळ दगड नुसता सोडू नये, खाली लोखंडी आधार लागतो. चित्रात तो दिसत नाही, म्हणून कोटेशनमध्ये आहे का ते बघावं. ओटा ३६ इंच उंच असेल तर स्टुलाची बैठक २४ ते २६ इंचांवर हवी. दुकानात ‘बार स्टूल’ मागितलं की बहुतेकदा ३० इंचांचं मिळतं. त्यावर बसलं की मांड्या दगडाला घासतात.

दिव्यांचे पॉइंट फॉल्स सीलिंगआधीच ठरतात, आणि चूक इथेच होते. इलेक्ट्रिशियन कपाटाचा मध्य धरतो. दगड एकाच बाजूला १२ इंच पुढे असल्याने त्याचा मध्य ६ इंच सरकलेला असतो, त्यामुळे दिव्यांची रांग तिरकी गेल्यासारखी दिसते. म्हणून माप दगडाच्या मध्यावरूनच द्यावं. १० फुटांच्या ओट्यावर तीन दिवे एका टोकापासून २०, ६० आणि १०० इंचांवर येतात. दिव्याचा तळ ओट्यापासून ३० ते ३६ इंच वर ठेवला की समोरासमोर बसलेल्यांच्या नजरेआड दिवा येत नाही.

थोडक्यात, लादीचं माप, सांध्याची जागा, आधार आणि दिव्यांचे पॉइंट आराखड्यावर आकड्यांत लिहून घेतल्याशिवाय दगडाचा अॅडव्हान्स देऊ नये.