बीपीच्या गोळीने सोडियम घटले तर म्हातारी माणसे बरळतात, पडतात. निदान होते रक्ताच्या साध्या तपासणीतून

मांडवगण फराटा : घरातली आजी दोन दिवसांत विसरायला लागली, असंबद्ध बोलू लागली, न्हाणीघरात तोल जाऊन पडली, की घरचे म्हणतात, "वय झालं." कुणी पॅरालिसिस म्हणतं, कुणी बाहेरचं बघायला सांगतं. बीपीची गोळी मात्र कुणी तपासत नाही.

गोळीच्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड हे नाव पाहावे. टेल्मिसार्टनसारख्या औषधाच्या पुढे 'एच' असेल, तर त्यातही बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असते. या गोळ्या लघवीवाटे मीठ बाहेर काढतात. पण त्याच वेळी लघवी पातळ करून जादा पाणी टाकण्याची मूत्रपिंडाची ताकद कमी होते. पाणी अंगात साठते, रक्तातले सोडियम पातळ होते आणि मेंदूच्या पेशी सुजतात. गोळी वाईट नाही, बीपीला ती चांगली चालते. पण सत्तरीपुढची, किरकोळ अंगाची बाई, त्यात जेवण थोडे आणि पाणी भरपूर, तिथे धोका जास्त.

समजा, ७२ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या आजींना बारा दिवसांपूर्वी ही गोळी सुरू झाली. आधी मळमळ, थकवा, मग चालताना झोक जाणे, मग बरळणे. बीपी ठीक, साखर ठीक, डोक्याचा सीटी स्कॅनही ठीक. 'सिरम इलेक्ट्रोलाइट्स' तपासणीत सोडियम ११८ निघाले. ते १३५ ते १४५ लागते, १२५ च्या खाली गेले की गोंधळ वाढतो, आणखी उतरले तर झटके येऊ शकतात. बहुतेकदा हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होते, पण वर्षानुवर्षे गोळी चालू असलेल्यांनाही जुलाब-उलट्यांत होऊ शकते. नमुना घेताना सलाईन लावलेल्या हातातून रक्त काढू नये, आकडा चुकतो.

इथेच गावाकडे गफलत होते. अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावली, तर सोडियम आणखी खाली जाते. घरी मीठ-पाणी पाजणे हाही इलाज नव्हे. अशा रुग्णाला त्याच दिवशी, गोळ्यांची पाकिटे बरोबर घेऊन, रुग्णालयात न्यावे. तिथे ही गोळी थांबवतात आणि सोडियम हळूहळू वाढवतात, २४ तासांत साधारण ८ पेक्षा जास्त नाही. म्हणजे ११८ चे दुसऱ्या दिवशी १२६ च्या आसपास, पुढे नाही. घाई झाली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून काही तासांनी पुन्हा पुन्हा रक्त तपासतात. गोळी बंद झाल्यावर मूत्रपिंड पाणी भराभर सोडू लागते आणि आकडा आपोआपच उसळतो, हेही एक कारण.

ज्येष्ठांना ही गोळी देण्याआधी आणि सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी सोडियम तपासून घ्यावे. एकदा त्रास झालेल्या माणसाला ती पुन्हा देत नाहीत, म्हणून तिचे नाव केसपेपरवर लिहून घ्यावे.