‘फुले’ चित्रपट आणि प्रमाणन मंडळाची कात्री

चित्रपटगृहात येण्यापूर्वी प्रत्येक चित्रपट केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाची परीक्षण समिती पाहते. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी हे १९५२ च्या चलचित्र कायद्यातील निकष लावून ती बदल सुचवते. दृश्यच आक्षेपार्ह वाटले तर ते कापले जाते. आक्षेप केवळ शब्दाला असेल तर चित्र तसेच ठेवून आवाज बंद करतात किंवा पर्यायी शब्द घालतात.

अनंत महादेवन दिग्दर्शित ‘फुले’ हे त्याचे अलीकडचे उदाहरण. ११ एप्रिल २०२५ रोजी, जोतीरावांच्या जयंतीदिनी, तो प्रदर्शित व्हायचा होता. मंडळाने ‘यू’ प्रमाणपत्र दिले. मात्र ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढण्यास आणि तीन हजार वर्षांच्या गुलामगिरीचा उल्लेख ‘अनेक वर्षे’ असा करण्यास सांगितले. ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपांनंतर प्रदर्शन २५ एप्रिलपर्यंत लांबले.

निर्मात्याला बदल अमान्य असल्यास तो पुनरीक्षण समितीकडे जाऊ शकतो. अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाल्याने त्यापुढे उच्च न्यायालयच उरते. तेथील निकालापर्यंत ठरलेली तारीख हातची जाते. म्हणून अनेक निर्माते मुकाट्याने कात्री स्वीकारतात.